नोकरीच्या ग्रुपवर पिन करायचा नियमांचा मेसेज: चार गोष्टी कशा मागायच्या

प्रश्न: आमच्या तालुक्यातल्या आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्या मुलांसाठी नोकरीच्या जागा कळवायचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सहाशेच्या वर मेंबर आहेत. लोक नुसतं 'अर्जंट व्हेकन्सी, नामांकित कंपनी, लगेच कॉल करा' एवढंच टाकतात. कंपनीचं नाव, पगार, ठिकाण आणि संपर्क द्याच, असा मेसेज पिन करायचा आहे. तो कसा लिहावा? आणि फार कडक लिहिलं तर लोक जागा टाकणंच बंद करतील का?

उत्तर:

मी चाकण-रांजणगाव पट्ट्यात कामगार भरतीचं काम केलंय आणि असे ग्रुप बरीच वर्षं सांभाळतोय. नुसतं 'कंपनी, पगार, ठिकाण, संपर्क लिहा' असं सांगितलं की लोक ते चारही शब्द लिहितात, पण माहिती येत नाही. 'कंपनी: नामांकित. पगार: 18 ते 25. ठिकाण: पुणे. संपर्क: खाली नंबर.' नियम पाळला गेला, पण वाचणाऱ्या मुलाला काहीच कळलं नाही. म्हणून प्रत्येक शब्दापुढे तुम्हाला नेमकं काय हवंय ते एका ओळीत सांगा.

असाच एक मेसेज घेऊ, म्हणजे फरक दिसेल.

'अर्जंट!! नामांकित ऑटोमोबाईल कंपनीत 50 जागा. पगार 18,000 ते 25,000. जेवण, राहणं फ्री. पुणे. इच्छुकांनी त्वरित संपर्क साधावा.'

अशा जाहिरातीच्या नंबरवर फोन करून नीट विचारलं की सहसा निघतं ते असं. कंपनी मोठी असते, पण जागा तिच्या पगारपत्रकावर नसते. ती पार्ट पुरवणाऱ्या दुसऱ्या कारखान्यात असते आणि तिथेही ठेकेदाराच्या नावावर. 18,000 हा हातात येणारा पगार नसतो, सीटीसी असतो. 25,000 बारा तासांच्या शिफ्टचे असतात. आता हिशोब करून बघा. समजा आठ तासांचा ग्रॉस पगार 15,500 आहे आणि त्यातला बेसिक व महागाई भत्ता मिळून 13,500. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा आणि त्याचा खर्च मिळून 13 टक्के, म्हणजे 1,755. ईएसआयसीचे कंपनीचे 3.25 टक्के, म्हणजे 504. बेरीज 17,759. जाहिरातीत याचेच '18,000' होतात. मुलाच्या बाजूने पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,620 कापले जातात, ईएसआयसीचे 117 आणि व्यवसाय कराचे 200 (महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर हा कर नाही). हातात येतात 13,563. जाहिरातीतला आकडा आणि बँकेत जमा होणारा आकडा यांत साडेचार हजारांच्या आसपास फरक पडला, आणि यात कोणी आकडा खोटा सांगितलेला नाही. फक्त कुठला आकडा ते सांगितलं नाही.

25,000 चं तर आणखी बघण्यासारखं आहे. रोज चार तास जादा, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 104 तासांचा ओव्हरटाइम. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. तसा दिला तर 15,500 च्या पगारावर ओव्हरटाइमच आणखी 15,500 होतो. इथे तो सिंगल रेटने, म्हणजे 7,750 धरलेला असतो. वर 1,500 चा हजेरी बोनस, आणि झाले 24,750. तोही एकसुद्धा खाडा न करता, आणि कपातीच्या आधी. घरून एसटीने बॅग घेऊन निघालेल्या मुलाच्या डोक्यात मात्र '25,000 पगार, जेवण-राहणं फुकट' एवढंच असतं.

म्हणून चार गोष्टींमध्ये पगाराच्या ओळीवर सगळ्यात जास्त जोर द्या. मागायचं ते असं: 'आठ तासांचा, सगळ्या कपाती जाऊन हातात किती?' लोक म्हणतील, नक्की माहीत नाही. तर ग्रॉस द्यायला सांगा, पण 'ग्रॉस' हा शब्द लिहून. शिफ्ट किती तासांची आणि ओव्हरटाइम सिंगल की डबल, हेही त्याच ओळीत यायला हवं. 'पगार मुलाखतीनुसार' चालणार नाही असं स्पष्ट लिहा, पण रेंजला मनाई करू नका. अनुभवाप्रमाणे पगार बदलतो हे खरंच आहे. फक्त पहिला आकडा फ्रेशरला मिळणारा असावा, एवढी अट घाला. एवढ्यानेच '10 ते 40 हजार' असली रेंज बंद होते.

शिकाऊ उमेदवारांच्या जागा वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. ॲप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो, पगार नाही, आणि ठरलेली मुदत संपली की कंपनी घेईलच असं नाही. ती जागा वाईट नसते, नव्या मुलाला उलट उपयोगाची असते. पण 'परमनंट'च्या जाहिरातीत ती दडवून टाकली की सहा महिन्यांनी घरच्यांना काय सांगायचं हा प्रश्न त्या मुलापुढे उभा राहतो. तेव्हा कंपनीच्या ओळीत 'कोणाच्या पेरोलवर' हे विचारा: कंपनी, ठेकेदार की ॲप्रेंटिस.

कंपनीच्या नावाबद्दल तुमचा सगळ्यात जास्त वाद कन्सल्टन्सीवाल्यांशी होईल. त्यांची अडचण खोटी नाही. त्यांना जॉइन झालेल्या माणसामागे कंपनीकडून पैसे मिळतात. नाव उघड केलं तर मुलं थेट गेटवर जातात आणि त्यांचे पैसे बुडतात. सरसकट बंदी घातली तर चांगल्या कन्सल्टन्सीही ग्रुप सोडतील आणि त्यांच्याकडे खरोखरच जागा असतात. मी त्यांना एवढी सवलत देतो: कंपनीचं नाव ग्रुपवर नको, पण कन्सल्टन्सीचं पूर्ण नाव, ऑफिसचा पत्ता, कंपनी काय बनवते ते आणि 'उमेदवाराकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही' ही ओळ हवी. कंपनीचं नाव मुलाला मुलाखतीला निघण्याआधी फोनवर सांगावंच लागेल. जो तेवढंही लिहायला तयार नाही, त्याची जाहिरात काढा.

ठिकाणाबद्दल थोडक्यात. 'पुणे' लिहिलं की हडपसरपासून रांजणगावपर्यंत काहीही असू शकतं. 'चाकण' सुद्धा पुरेसं नाही. म्हाळुंगे, कुरुळी, वासुली, भांबोली, कुठे ते गाव किंवा एमआयडीसीचा फेज लिहायला सांगा, कारण खोली कुठे घ्यायची, भाडं किती आणि रात्रीची पाळी सुटल्यावर परत कसं यायचं हे त्यावर ठरतं. कंपनीची बस असेल तर ती कुठून सुटते हेही. मुलींच्या बाबतीत बहुतेक घरांत पहिला प्रश्न हाच असतो. 'राहणं फ्री' असेल तर एका खोलीत किती जण आणि पगारातून काही कापतात का, हे विचारायला मुलांना सांगा. नियमात ते घालू नका, मेसेज लांबतो.

संपर्काच्या ओळीत नुसता नंबर नको. नाव, नंबर आणि त्या माणसाचा जागेशी संबंध: एचआर आहे, ठेकेदाराचा सुपरवायझर आहे, की तिथे काम करणारा मित्र आहे. इथे दोन गोष्टी बजावून सांगा. पहिली, दुसऱ्याचा नंबर टाकण्याआधी त्याला विचारा. आपल्या शॉपमधल्या साहेबांचा नंबर चांगल्या मनाने कोणी टाकतो, सहाशे जणांच्या ग्रुपमधून दिवसभर फोन सुरू होतात आणि साहेब पुढच्या वेळी जागा सांगायचंच बंद करतात. दुसरी, फॉरवर्ड आलेली जाहिरात टाकायची असेल तर त्या नंबरवर आधी स्वतः फोन करा. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेल्या मेसेजसोबत मूळ तारीख येत नाही. जागा भरून चार महिने झालेली जाहिरात 'अर्जंट' म्हणून फिरत राहते. मेसेजवर दोन बाणांची 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही खूण असेल तर तो पाच किंवा त्याहून जास्त वेळा पुढे गेलेला असतो. असा मेसेज फोन करून खात्री केल्याशिवाय ठेवूच नका. म्हणून तुमच्या चार गोष्टींत मी पाचवी घालीन: कधीपर्यंत.

आणि सहावी ओळ पैशांची. रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्म डिपॉझिट, मेडिकलचे आधी भरायचे पैसे, ट्रेनिंग फी, गेट पासचे पैसे. नाव काहीही असो, नोकरी लावण्यासाठी मुलाकडून आधी पैसे मागणारी जाहिरात ग्रुपवर नको. घरबसल्या व्हिडिओ लाइक करून रोज दोन हजार मिळवा, असली 'पार्टटाइम' जाहिरातही याच खात्यात. सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये खरंच जमा होतात, मग मोठा 'टास्क' घ्यायला पैसे भरायला लावतात आणि तिथे माणूस अडकतो.

आता मेसेज. पिन केलेल्या मेसेजची वर जी पट्टी दिसते तिच्यात जेमतेम पहिली ओळ मावते. ती ओळ 'नमस्कार मित्रांनो, सर्वांना विनंती की' यात घालवू नका. चारही शब्द पहिल्याच ओळीत आणा, म्हणजे मेसेज न उघडताही नियम रोज डोळ्यांसमोर राहतो. मी असा लिहीन:

> जागा टाकताना हवंच: कंपनी, पगार, ठिकाण, संपर्क.
>
> कंपनी: पूर्ण नाव, आणि कोणाच्या पेरोलवर (कंपनी / ठेकेदार / ॲप्रेंटिस). कन्सल्टन्सी असेल तर कंपनीच्या नावाऐवजी तिचं पूर्ण नाव, ऑफिसचा पत्ता, कंपनी काय बनवते ते आणि 'उमेदवाराकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही' ही ओळ.
>
> पगार: 8 तासांचा, हातात येणारा. नक्की माहीत नसेल तर 'ग्रॉस' असं लिहून ग्रॉस. रेंज असेल तर पहिला आकडा फ्रेशरचा. शिफ्ट किती तासांची आणि ओटी सिंगल की डबल, तेही. 'मुलाखतीनुसार' चालणार नाही.
>
> ठिकाण: गाव किंवा एमआयडीसी फेज. नुसतं 'पुणे', 'नाशिक' नको. बस असेल तर कुठून.
>
> संपर्क: नाव, नंबर, कंपनीत कोण, फोन करायची वेळ. त्यांना विचारूनच नंबर टाका.
>
> कधीपर्यंत: शेवटची तारीख.
>
> फॉरवर्ड टाकण्याआधी त्या नंबरवर स्वतः फोन करा.
>
> नोकरीसाठी पैसे मागणारी जाहिरात लगेच काढली जाईल आणि टाकणाऱ्याला ग्रुपमधून काढलं जाईल.
>
> आपला बायोडेटा, आधार, पॅन ग्रुपवर टाकू नका. जाहिरात देणाऱ्याला खात्री करूनच पाठवा.
>
> माहिती अपुरी असेल तर ॲडमिन विचारतील. संध्याकाळपर्यंत पूर्ण केली नाही तर मेसेज काढला जाईल. पूर्ण करून पुन्हा टाकायला हरकत नाही.

शेवटची ओळ वगळू नका. मेसेज काढला म्हणजे आपला अपमान झाला असं लोकांना वाटतं, विशेषतः वयाने मोठ्या माणसांना. पुन्हा टाकायला हरकत नाही हे आधीच लिहिलेलं असलं की रुसवे-फुगवे कमी होतात.

याच्यासोबत दुसरा मेसेज स्वतंत्र पाठवा, फक्त रिकामा फॉर्म:

> पद आणि जागा:
> कंपनी / पेरोल:
> पगार (8 तास, हातात):
> शिफ्ट / ओटी:
> ठिकाण / बस:
> संपर्क (नाव, नंबर, वेळ):
> कधीपर्यंत:

वेगळा अशासाठी, की मोबाईलवर मेसेज दाबून धरून कॉपी केला की तो सगळाच्या सगळा कॉपी होतो. नियमांच्या मेसेजमधून फॉर्मपुरता भाग काढत बसायला कोणी थांबत नाही. कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत जागा टाकणाऱ्या माणसाला कॉपी, पेस्ट, भरा, पाठवा एवढंच जमतं. व्हॉट्सॲपवर एका वेळी तीन मेसेज पिन करता येतात. तिसरा भरलेला नमुना ठेवा, कारण लोक नियम वाचून शिकत नाहीत, नमुना बघून शिकतात. वरचीच जाहिरात नीट भरली तर अशी दिसेल:

> पद: प्रेस शॉप ऑपरेटर, 50 जागा (आयटीआय किंवा बारावी)
> कंपनी: अबक ऑटो पार्ट्स, ठेकेदाराच्या पेरोलवर
> पगार: 8 तासांचे हातात अंदाजे 13,500 (ग्रॉस 15,500), पीएफ-ईएसआयसी आहे
> शिफ्ट: 12 तास, ओटी सिंगल रेट
> ठिकाण: म्हाळुंगे, बस निगडीहून
> संपर्क: ठेकेदाराचे सुपरवायझर, नाव व नंबर, सकाळी 10 ते 5
> कधीपर्यंत: 15 तारीख

ही जाहिरात वाचून काही जण जाणार नाहीत. जे जातील ते पगार ऐकून पहिल्या आठवड्यात परत येणार नाहीत, आणि ठेकेदारालाही तेच हवं असतं. पन्नास जण जॉइन होऊन तीस पळाले तर त्याचंही नुकसान होतं. 'ओटी सिंगल रेट' असं लिहिलेलं वाचून कोणी ठेकेदाराला प्रश्न विचारला, तर तेही चांगलंच आहे.

पिन करताना एक तांत्रिक गोष्ट बरेच ॲडमिन विसरतात. व्हॉट्सॲप पिनला मुदत मागतं: 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस. कायमचा पिन नसतो. 30 दिवसांनी तो गुपचूप निघून जातो आणि पुढच्या आठवड्यात 'अर्जंट व्हेकन्सी' पुन्हा सुरू होतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला आठवण लावून ठेवा, आणि जुना मेसेज पुन्हा पिन करण्याऐवजी तोच मजकूर नव्याने पाठवून तो पिन करा. नंतर आलेल्या मेंबरला त्याच्या येण्याआधीचा मेसेज दिसत नाही, नव्याने पाठवलेला दिसतो. हाच मजकूर ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्येही ठेवा. तिथे मुदत नाही आणि नवा माणूस तो वाचू शकतो. सेटिंगमध्ये जाऊन मेसेज पिन करण्याचा हक्क फक्त ॲडमिनकडे ठेवा, नाहीतर वाढदिवसाचा मेसेज नियमांच्या जागी जाऊन बसतो.

लोक टाकायचं बंद करतील का? पहिले दोन-तीन आठवडे जाहिराती कमी होतात, हे धरून चाला. पण कमी कोण झालं ते बघा. बंद होतात ते दिवसभर इकडचं तिकडे फॉरवर्ड करणारे. ज्यांच्याकडे खरी जागा असते, म्हणजे लाइन इन्चार्ज, आपल्याच आयटीआयची आधीच्या बॅचची मुलं, लहान वर्कशॉपवाले, त्यांना या चार ओळी भरायला दोन मिनिटं लागतात, कारण माहिती त्यांच्याकडे असतेच. लहान वर्कशॉपवाल्याला लिहिणं अवघड जात असेल तर त्याला सांगा, व्हॉइस मेसेज पाठवा, आम्ही फॉर्म भरतो. अशा वर्कशॉपमध्ये नवखा मुलगा कधीकधी जास्त काम शिकतो, त्यामुळे त्यांना धरून ठेवा.

अपुरा मेसेज आला की त्याच मेसेजला रिप्लाय करून फक्त जे राहिलंय तेवढंच विचारा: 'पगार 8 तासांचा का? पेरोल कोणाचा?' नियमांचं भाषण नको. बाकीचे वाचणारे त्या एका प्रश्नातूनच शिकतात आणि काही दिवसांत मेंबरच विचारायला लागतात. नियम सगळ्यांना सारखा लावा. तुमचा जवळचा मित्र किंवा गावचा पुढारी 'नामांकित कंपनी' टाकतो आणि तुम्ही गप्प बसता, हे एकदा दिसलं की पुढे कोणाला काही सांगता येत नाही.

पैसे मागणारी जाहिरात मात्र विचारत बसू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर आणि वेळ दिसली पाहिजे, मग मेसेज काढा आणि माणसालाही. कोणी पैसे भरून बसला असेल तर त्याने त्याच दिवशी 1930 वर फोन करायचा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत ते गोठवता येण्याची शक्यता असते. आठवडाभर लाजून गप्प बसलं की ती राहत नाही.

सरकारी भरतीच्या जाहिरातींना हा फॉर्म लावू नका. तिथे फोटो किंवा पीडीएफ न घेता त्या विभागाच्या स्वतःच्या वेबसाइटची लिंक आणि शेवटची तारीख, एवढ्या दोनच गोष्टी मागा. आखाती देशांतल्या जागा मी ग्रुपवर घेतच नाही. तुम्हाला घ्यायच्या असतील तर एजंटचा परवाना क्रमांक मागा आणि emigrate.gov.in वर तो नोंदणीकृत आहे का ते स्वतः बघा. कंपनीचं नाव, पगार आणि नंबर सगळं नीट भरलेलं असलं तरी परवाना नसलेल्या एजंटची जाहिरात ठेवू नका.